झोळ पडतो कसा: मखरावर साधं कापड सोडण्याची रीत

बेळगावच्या वडगावात माझ्या आत्याच्या घरी गणपती बसतो. एके वर्षी मखर सजवण्याचं काम मी अंगावर घेतलं. सहा फूट रुंद आणि सात फूट उंच अशी पाइपांची चौकट उभी केली. मागे पडदा सोडला आणि वरच्या आडव्या पाइपावर तीन झोळ घ्यायचे ठरवलं. लांबलचक पट्टा घेतला, ठरावीक अंतरावर टाचण्या लावल्या आणि मधलं कापड खाली सोडलं. लग्नाच्या मांडवात दिसतात तसे गोल, एकाखाली एक चुण्यांचे झोळ पडतील अशी माझी समजूत होती. पडले ते इंग्रजी 'व्ही'सारखे तीन टोकदार त्रिकोण. चुण्या टाचणीपासून निघून मध्याकडे तिरक्या जात होत्या आणि मध्यावर एक चपटा, मेलेला भाग राहिला होता. मी कापड दोन्हीकडून ओढून बघितलं, तर तो भाग आणखी चपटा झाला.

शहापूरचे माझे मामा त्या संध्याकाळी आले. त्यांनी आयुष्यभर शिलाईचं काम केलं आहे. त्यांनी झोळाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ओढू नको गा. ओढून झोळ होत न्हाई. झोळ कापायलाच लागतोय."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. पडद्याच्या चुण्या बहुतेकांना जमतात. झोळ मात्र फसतो, कारण पडद्याचा हिशेब आपण झोळाला लावतो.

आधी पडद्याचाच हिशेब बघू, म्हणजे फरक कळेल. चुण्या घातल्यावर कापड जेवढी जागा व्यापतं त्याच्या किती पट कापड घेतलं, हा सगळ्या सजावटीचा मूळ आकडा. मी त्याला नुसती 'पट' म्हणतो. सहा फुटांच्या जागेत बारा फूट कापड चुण्या घालून बसवलं तर पट दोन. दीडपट घेतलं तर कापडाला लाटा येतात, पण चुणी म्हणावी अशी काही दिसत नाही. दुपटीला पडदा भरलेला वाटतो. जॉर्जेट किंवा मलमलीसारख्या पारदर्शक कापडाला अडीच ते तीन पट लागते, नाहीतर मागची भिंत दिसते. तीनपट ही साध्या एकाकडे वळवलेल्या चुण्यांची भरगच्च हद्द आहे, आणि ती का हे साडीच्या निरीवरून कळतं. चुणीचा दिसणारा भाग 3 सेंटिमीटर असेल, तर तिच्यामागे 3 सेंटिमीटर कापड आत जातं आणि तेवढंच परत बाहेर येतं. एकूण 9 झालं, दिसतं 3. त्यापुढे कापड घातलं तर एक चुणी दुसरीवर चढते आणि वर जाड गठ्ठा होतो.

आत्याच्या चौकटीची रुंदी 180 सेंटिमीटर, उंची 210. आम्ही पांढरं पातळ सुती कापड घेतलं होतं, पन्ना 44 इंचांचा, म्हणजे साधारण 110 सेंटिमीटर. दुपटीने हिशेब केला तर 360 सेंटिमीटर लागतात. तीन पन्ने घेतले तर 330 होतात, ते कमी. चार घेतले तर 440. इथे आकडा आपल्या मनासारखा बसवण्यासाठी पन्ना उभा फाडत बसू नये, चार पूर्ण पन्ने घ्यावेत. पट जवळजवळ अडीच येते आणि हिशेब फार सोपा होतो. प्रत्येक पन्न्याच्या वाट्याला 45 सेंटिमीटर जागा, तिच्यात 9 चुण्या, प्रत्येक चुणी 5 सेंटिमीटरची. कडेचा एकेक सेंटिमीटर शेजारच्या पन्न्याखाली दडवायला सोडला तर 108 उरतात, म्हणजे दर चुणीला 12 सेंटिमीटर कापड. त्यातले 5 दिसतात, 7 आत जातात. पन्ने एकमेकांना शिवायची गरज नाही. जोड चुणीच्या पोटात जातो. लांबीला 210, वर दुमडायला 15, खाली 10, असे 235 सेंटिमीटर. चार पन्ने मिळून 9 मीटर 40.

चुण्या डावीकडून सुरू करून उजवीकडे घालत गेलं की शेवटी हमखास चूक उरते. कधी कापड उरतं, कधी जागा. म्हणून पन्न्याची दोन टोकं आधी 45 सेंटिमीटरवर टाचायची, मग कापडाची आणि पट्टीची तीन-तीन भागांत खूण करून त्या दोन खुणा टाचायच्या, आणि मग प्रत्येक भागात तीन चुण्या घालायच्या. चूक झालीच तर ती त्या छोट्या भागातच राहते, दिसत नाही.

टाचणी कशात लावायची?

ही बाब लहान आहे, पण तिच्यावाचून पुढचं काहीच होत नाही. पाइपात टाचणी जात नाही, बांबूत जाते पण धरत नाही. म्हणून वरच्या आडव्या पाइपावर आधी जुन्या धोतराची किंवा चादरीची चार बोटं रुंद पट्टी तिरकी, अर्धी अर्धी चढवत, घट्ट गुंडाळायची आणि सुईदोऱ्याने टोकं पक्की करायची. मग तिच्यावर पाइपाच्या लांबीभर सुती नवार ठेवून तीही वरखाली टाके घालून शिवायची. आता टाचणीला धरायला दोन-तीन थर मिळाले. सेंटिमीटरच्या खुणा या नवारीवरच पेन्सिलने कराव्यात, म्हणजे कापडावर काही उमटत नाही.

टाचणी कापडाच्या ओढीला आडवी घालायची. कापड खाली ओढतं, म्हणून टाचणी डावीकडून उजवीकडे जावी: कापडातून आत, नवारीतून थोडं पुढे, आणि टोक परत बाहेर. ओढीच्या दिशेनेच घातलेली टाचणी हळूहळू सरकून निसटते. आपल्याकडे भाद्रपदात हवा दमट असते, खानापूरकडून पाऊस आला की घरातल्या भिंतीही ओलसर लागतात. अशा दिवसांत साध्या लोखंडी टाचणीचा तांबूस डाग पांढऱ्या कापडावर दोन दिवसांत पडतो आणि तो धुऊन जात नाही. स्टीलच्या किंवा पितळेच्या, मोठ्या रंगीत डोक्याच्या टाचण्या घ्याव्यात. डोकं मोठं असलं की उतरवताना एकही मागे राहत नाही, आणि किती लावल्या ते मोजून कागदावर लिहिता येतं. घरात रांगतं मूल असेल तर ही मोजणी टाळू नये.

झोळाचं गणित उलटं का आहे

मामांनी माझा 'व्ही' उतरवला आणि एक पंचा मागितला. पंच्याची दोन टोकं लांबीच्या बाजूने धरून ओढायला सांगितली. पंचा ढिम्म. मग रुंदीच्या बाजूने धरायला लावलं, तेव्हाही तेच. शेवटी समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढायला लावला, तर तो लांबला, मध्ये अरुंद झाला, आणि सैल सोडल्यावर मधून गोल, मऊ लोंबला.

मागावर विणलेल्या कापडात दोनच दिशांचे दोरे असतात, ताणा आणि बाणा. वडगाव-खासबागच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्याला हे सांगायला नको. दोऱ्याच्या दिशेने कापड ओढलं तर आपण दोराच ओढतो, आणि दोरा वाढत नाही. तिरकं ओढलं तर दोरे जागच्या जागी एकमेकांवर फिरतात, त्यांच्यातली चौकोनी घरं शंकरपाळ्यासारखी होतात. शिंपी या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याची पट्टी उरेब कापतात ती याचसाठी, ती गोलाईवर वळते. झोळाची प्रत्येक चुणी म्हणजे अशीच एक गोलाई आहे. सरळ दोऱ्यावरच्या कापडाला ती घ्यायला लावली की दोरे वाकत नाहीत, मोडतात, आणि मोड मध्यावर येते. माझा 'व्ही' तिथे झाला होता.

पण नुसतं उरेब धरूनही भागत नाही. दुसरी अडचण लांबीची आहे. झोळाची वरची कड पाइपाला लागून सरळ असते, तिला लांबी कमी लागते. खालची कड खोल लोंबून परत वर येते, तिला लांबी जास्त लागते. मधल्या चुण्यांना या दोहोंच्या मधली. पट्ट्याच्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या असतात. मग एक तर वरची कड सैल पडून फुगते, नाहीतर खालची ताणली जाते. म्हणून झोळाचं कापड वर अरुंद आणि खाली रुंद, सुपासारखं कापायचं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. पडद्यात पट रुंदीला लागते, झोळात ती खोलीला लागते. चुण्या आडव्या पडतात, म्हणून कापड उभ्या दिशेने जास्त हवं. 35 सेंटिमीटर खोल दिसणाऱ्या झोळाला 35 सेंटिमीटर उंचीचं कापड घेतलं तर चुणीला काही उरतच नाही, नुसती एक झालर लोंबते. दुपटीहून थोडं जास्त घ्यावं लागतं.

आत्याच्या मखराचे तीन झोळ

किती झोळ घ्यायचे, हे आधी ठरवलं. एकच मोठा घेतला तर 180 सेंटिमीटरचं पोट सुटल्यासारखं दिसतं. दोन घेतले तर त्यांचा जोड बरोबर मूर्तीच्या डोक्यावर येतो. तीन घेतले की मधला झोळ मूर्तीच्या वर येतो, म्हणून तीन. प्रत्येकाची रुंदी 70, आणि शेजारच्यावर 15 सेंटिमीटर चढवायचं. तीनदा 70 म्हणजे 210, त्यातून दोन जोडांचे 30 गेले की बरोबर 180 उरतात. खोली चौकटीच्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याइतकी चांगली दिसते. 210 चा सहावा हिस्सा 35. याहून खोल घेतली तर मूर्तीचा मुकुट झाकला जातो.

खालची कड किती लांब लागेल ते काढायला सूत्र लागत नाही. मामांनी आत्याकडची जुनी झोपाळ्याची बारीक साखळी मागवली. नवारीवर 70 सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या, त्यांच्यावर साखळी, आणि ती मध्यात 35 सेंटिमीटर खाली येईपर्यंत सैल सोडायची. मग साखळी उतरवून मोजायची. 104 भरली. दोरीपेक्षा साखळी बरी, कारण दोरीला स्वतःचा पीळ असतो, ती नीट लोंबत नाही. साखळी आपल्या वजनाने पडते आणि कापडाची भरलेली कडही साधारण त्याच वळणाने पडते.

आता वरची कड. झोळाच्या दोन्ही टोकांना चुण्या एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी पसरवायच्या असतात. तो पसारा आम्ही दोन्हीकडे 12 सेंटिमीटर धरला. त्याला मामा 'खांदा' म्हणतात. 70 मधून दोन खांद्यांचे 24 वजा केले, उरले 46. ही वरची सरळ कड.

उंची 75 सेंटिमीटर घेतली. 35 ला 75 म्हणजे पट सुमारे 2.14. सव्वादोन पट घ्यायची आमची इच्छा होती, पण ते पन्न्यात बसेना. हे आधी तपासावं लागतं, कारण उरेब कापताना आकृती कापडावर तिरकी ठेवायची असते आणि ती जागा जास्त खाते. वर 46, खाली 104, उंची 75 ही आकृती 45 अंशांत फिरवली तर तिला साधारण 106 सेंटिमीटरचा चौकोन लागतो. 110 च्या पन्न्यात ती बसते, खाली दुमडायला दीड सेंटिमीटरही मिळतो, पण त्यापुढे काही नाही. कापड धुऊन आटलं आणि पन्ना 106 च्या खाली गेला तर उंची कमी करावी लागते. सुती कापड आधी पाण्यातून काढायलाच हवं, कारण नव्या कापडातली खळ गेल्याशिवाय ते मऊ पडत नाही. म्हणून धुऊन, वाळवून, मग मोजावं.

आम्ही आधी वर्तमानपत्रं चिकटवून ही आकृती कागदावर काढली आणि कापली. कापडाचा 110 बाय 110 चा चौकोन फरशीवर पसरला, त्याच्या एका कर्णाला समांतर कागदाची खालची कड ठेवली, आणि कापलं. असे तीन तुकडे, 3 मीटर 30 कापड. कोपऱ्यांचे त्रिकोण उरतात, तेवढं वाया जातं, हे या पद्धतीचं खरं नुकसान आहे.

सुपाच्या तिरक्या बाजूची लांबी 80 सेंटिमीटर येते. तिच्यावर दर 16 सेंटिमीटरला खडूची खूण केली, म्हणजे पाच खुणा, पाचवी खालच्या कोपऱ्यावर. नवारीवर खांद्याच्या 12 सेंटिमीटरमध्येही पाच खुणा, दर अडीचला जराशा कमी. म्हणजे तिरक्या बाजूचे 16 सेंटिमीटर नवारीवरच्या अडीच सेंटिमीटरमध्ये गोळा होतात.

लावताना आधी वरच्या कडेचा मध्य नवारीच्या मध्यावर टाचला, मग 46 सेंटिमीटरची सरळ कड दोन्हीकडे. ती ताणायची नाही, मध्ये बोटभर उतरली तर उतरू द्यायची. मग डावीकडची पहिली खूण उचलून खांद्याच्या पहिल्या खुणेवर, लगेच उजवीकडची पहिली. डावी दुसरी, उजवी दुसरी. एक पूर्ण बाजू आधी लावली तर उरेब कापड त्या बाजूला सरकतं आणि दुसरीकडे काही केल्या जुळत नाही. प्रत्येक जोडी लावली की झोळाच्या पोटात हात घालून चुणी मध्यातून हलकेच पुढे ओढायची, म्हणजे ती उघडते. हे करताना मामा मला सारखं थांबवत होते. "हात काढ. पडू दे की त्याला. तू बसवू नको, ते आपल्या आपण बसतंय."

पाचवी जोडी लागली तेव्हा पाच गोल चुण्या एकाखाली एक, टोकापासून टोकापर्यंत न तुटता आल्या. मी पट्टी लावली, खोली 36 भरली.

दोन बाजूंचे झोळ आधी लावले आणि मधला शेवटी, दोघांवर चढवून. मधला वर आला की दोन्ही जोड त्याच्या खांद्यांखाली लपतात. दोन्ही टोकांना सोगे सोडले, धोतराच्या सोग्यासारखेच. तेही कापडाच्या एका पन्न्यातून निघतात: पन्ना मधून उभा कापला की 55 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या मिळतात, त्यांची खालची कड तिरकी कापायची, बाहेरची बाजू 120 आणि आतली 40, आणि प्रत्येक पट्टी चुण्या घालून 20 सेंटिमीटरवर आणायची. तिरक्या कडेमुळे चुण्या पायऱ्या पायऱ्यांनी उतरतात. इथे दोरा उभाच ठेवायचा, उरेब नको, कारण सोगा सरळ पडायचा असतो. दोन्ही सोग्यांना वरच्या दुमडीसह 1 मीटर 30 कापड गेलं. पडदा, झोळ आणि सोगे मिळून बरोबर 14 मीटर.

वजन

वजनाबद्दल माझं मत ठाम आहे: झोळाला वजन शक्यतो लावूच नये. सुती उरेब कापड आपल्याच वजनाने पडतं. वजन लावायची वेळ येते ती जॉर्जेट किंवा पातळ सॅटिन असेल तर, कारण ते पंख्याच्या वाऱ्यानेही उलटतं. तेव्हा खालच्या दुमडीत बारीक मण्यांची साखळी सलग घालायची. सलग, हे महत्त्वाचं. सुटी सुटी वजनं लावली तर प्रत्येक वजनापाशी कडेला एक टोक येतं आणि गोलाई मोडते.

पडद्याला मात्र वजन लागतंच, नाहीतर चुण्या खाली येता येता फाकतात. वर 5 सेंटिमीटरची चुणी असते आणि गुडघ्याच्या उंचीवर नुसत्या लाटा उरतात. उद्यमबागेत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात वॉशर मिळतात. दर दुसऱ्या चुणीच्या मागच्या दुमडीत एकेक वॉशर, छोट्या कापडी पिशवीत शिवून, अडकवायचा. पिशवी हवी, कारण वॉशरही गंजतो. पन्न्यांच्या जोडावर दोन घालायचे, तिथे कडा सुट्या असतात. मग पडद्याच्या चुण्या वरपासून खालपर्यंत बोटांनी घडवायच्या, जुन्या साडीच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी सैल बांधायच्या आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दमट हवेत सुती कापड ती घडी धरतं. सकाळी पट्ट्या सोडल्या की चुण्या जागेवर राहतात.

चुकलं तर कसं ओळखायचं

झोळ लावल्यावर सहा पावलं मागे जावं आणि चुण्यांची दिशा बघावी. चुण्या टोकाकडून मध्याकडे तिरक्या येऊन मध्यात टोक होत असेल, तर दोरा सरळ आहे. तुकडा फिरवून नव्याने कापायला लागतो, टाचण्या हलवून काही होत नाही. चुण्या गोल आहेत पण चपट्या, आत सावली नाही, तर उंचीची पट कमी पडली. तेव्हा पाचऐवजी चारच चुण्या घ्याव्यात, त्या थोड्या खोल होतात. खालची कड बाहेर वळून तिची उलटी बाजू दिसत असेल, तर ती कड लागते त्याहून लांब आहे. पाचवी टाचणी काढून कोपरा दीड-दोन सेंटिमीटर आत घेऊन टाचला की कड सरळ होते. आणि एकच चुणी मध्ये तुटत असेल, बाकीच्या नीट असतील, तर बहुधा डावी-उजवी खूण चुकून वेगळ्या उंचीवर उचलली गेली आहे. मध्यावर दोऱ्याला चावी बांधून ओळंबा सोडला की कुठल्या बाजूची खूण चुकली ते लगेच दिसतं.

ही रीत घरच्या मखराला, दारावरच्या तोरणाला, छोट्या व्यासपीठाला चालते. दहा फुटांच्या झोळाला चालत नाही, कारण तेवढा उरेब तुकडा कुठल्याच पन्न्यातून निघत नाही, आणि उरेब जोड शिवला की तो ओढतो, ठळक दिसतो. मोठ्या मांडवांत आता लायक्रासारखं, स्वेटरसारख्या विणीचं ताणतं कापड वापरतात ते त्यामुळेच. ते सगळ्या दिशांनी वाढतं, त्याला उरेब धरावं लागत नाही, सुपासारखं कापलं नाही तरी ते खपवून घेतं. पण त्याच्या चुणीला सुती कापडासारखी धार येत नाही, आणि जवळून बघितलं तर कळतं.

समईबद्दल एक सांगतो. झोळ मूर्तीच्या वर आणि पुढे असतो, आणि समई मूर्तीच्या बाजूला. ज्योतीच्या सरळ वर कापड येता कामा नये, कितीही उंच असलं तरी. आम्ही समया सोग्यांच्या बाहेर, हातभर पुढे ठेवल्या, आणि पंखा त्या बाजूचा बंद ठेवला. सॅटिन आणि जॉर्जेट बहुधा पॉलिएस्टरचं असतं, ते पेटलं की वितळून ठिबकतं, आणि ते ठिबकणं सुती कापडाच्या जळण्याहून वाईट असतं.

उरेब कापड टांगल्यावर लगेच थांबत नाही. दोरे फिरत राहतात आणि ते हळूहळू लांबतं, दमट हवेत जास्तच. म्हणून आम्ही झोळ चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी लावले आणि खालची कड न शिवता तशीच सोडली. चतुर्थीच्या पहाटे आत्या रांगोळी घालत होती, मी शिडीवर चढून पट्टी लावली. मधला झोळ 38 वर आला होता, बाजूचे 37 वर. मामांनी खालूनच सांगितलं तसं फक्त पाचवी टाचणी दोन्हीकडे एक सेंटिमीटर वर घेतली, बाकीच्यांना हात लावला नाही. मग खालची कड दीड सेंटिमीटर आत दुमडून हातानेच लांब टाके घातले, आणि त्यानंतर मूर्ती आत आणली.